पत्र ५ फेब्रुवारीचे, शिक्का १८ मार्चचा: उत्तर न आलेल्या माहिती अर्जाचे प्रथम अपील

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेत, वाचनालयाच्या माडीवर, आम्ही चार-पाच जण दर शनिवारी संध्याकाळी बसतो. कोणाला माहिती अधिकाराचा अर्ज लिहून हवा असतो, कोणाला आलेले उत्तर समजून घ्यायचे असते. हे प्रकरण तिथे आलेले. ओळख पटू नये म्हणून तारखा सरकवल्या आहेत, पण दोन तारखांमधल्या दिवसांचा हिशेब जसाच्या तसा आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. जमिनीच्या नोंदी ठेवणारे, एवढे पुरे.

कुटुंब दोघांचे. आई ७४ वर्षांच्या, मुलगा भोसरीत एका कारखान्यात पाळीवर. वडील वारल्यावर राहत्या घराच्या मिळकत पत्रिकेवर वारस म्हणून आईचे नाव लावायचे होते. कागदपत्रांसह अर्ज दिला, पोच मिळाली, आणि मग सहा महिने काहीच नाही. मुलगा रजा टाकून कार्यालयात गेला की “फाइल टेबलावर आहे” असे ऐकून परत यायचा. कोणाच्या टेबलावर, हे काही कळेना.

शेवटी एका शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज केला. जोडपत्र ‘अ’चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सही आईची. ८ जानेवारीला तो कार्यालयाच्या आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. अर्जात चार गोष्टी मागितल्या होत्या: फेरफाराच्या अर्जावर आजवर झालेल्या टिप्पण्यांच्या प्रती, अर्जदाराला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती त्यांच्या जावक नोंदीसह, हे काम किती दिवसांत व्हायला हवे त्याचा नियम किंवा परिपत्रक, आणि चौथे, “आमचे काम का रखडले ते सांगावे.”

पहिल्या तीन मागण्या चांगल्या होत्या. चौथी कमकुवत, कारण या कायद्यात कार्यालयाकडे जे कागदावर आहे ते मागता येते. कारण कुठे लिहिलेले नसेल, तर ते नव्याने लिहून द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. तरी ‘का’चे उत्तर बहुतेक वेळा टिप्पण्यांतच दडलेले असते, आणि टिप्पण्या त्यांनी मागितल्या होत्याच.

अडचण

कायद्याप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. ८ जानेवारीपासून ३० दिवस म्हणजे ७ फेब्रुवारी. तोवर काहीच आले नाही.

इथे मुलाने तेच केले जे दहातले आठ जण करतात. १२ फेब्रुवारीला त्याने फोन केला. “साहेब ट्रेनिंगला आहेत” असे उत्तर आले. २० फेब्रुवारीला त्याने स्मरणपत्र दिले, शिक्क्यासह. ३ मार्चला दुसरे. दुसऱ्या वेळी लिपिकाने अगदी आपुलकीने सांगितले, “होळीनंतर या, काढून ठेवतो.” होळीनंतरही काही निघाले नाही, आणि १४ मार्चच्या शनिवारी तो आमच्याकडे आला, हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात सगळे कागद तारीखवार लावलेले.

तो म्हणाला, “सर, दोन रिमाइंडर दिलेत. आता तिसरं कडक भाषेत लिहून द्या.”

आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी पोचेची प्रत पाहिली, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, “रिमाइंडर राहू दे. तुझी अपिलाची मुदत सोमवारीच संपली.”

स्मरणपत्राला या कायद्यात काही स्थानच नाही. ३० दिवस उलटले की कलम ७(२) प्रमाणे माहिती नाकारली असेच समजले जाते. कोणी “नाही” म्हटलेले नसते, पण कायद्याच्या हिशेबात ते “नाही”च असते. त्या दिवसापासून प्रथम अपिलाचे ३० दिवस मोजायला लागतात. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला, तर ७ फेब्रुवारीपासूनचे ३० दिवस ९ मार्चला संपतात. फोन, स्मरणपत्रे आणि “होळीनंतर या” या सगळ्यात हे घड्याळ एक क्षणही थांबत नाही. उलट या गोष्टी अर्जदाराला वाटायला लावतात की काम चालू आहे, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. लिपिकाने हे मुद्दाम केले असे मला वाटत नाही. पण परिणाम तोच.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी चार वाटा बोलून झाल्या.

पहिली वाट, तोच अर्ज नव्याने द्यायचा. १० रुपये आणि आणखी ३० दिवस. कायद्यात याला बंदी नाही आणि उशिराचा प्रश्नच मिटतो. पण मग जुन्या अर्जाची मुदत चुकवल्याबद्दल कार्यालयाला काहीच सोसावे लागत नाही, आणि ज्या खिडकीवर ३० दिवस गेले तिथेच पुन्हा ३० दिवस द्यायचे.

दुसरी, राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ खाली थेट तक्रार. मुलाला हीच आवडली होती, कारण दंडाचे त्याने कुठेतरी वाचले होते: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. त्याला समजावून सांगावे लागले की, तक्रारीतून माहिती हाती येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले आहे: कलम १८ खाली आयोग चूक करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी करून दंड लावू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश हवा असेल तर अपिलाचाच रस्ता धरावा लागतो. आणि यांना दंड नव्हे, फाइल कुठे अडली ते हवे होते.

तिसरी, माहिती अधिकार बाजूला ठेवून मूळ फेरफाराच्या दिरंगाईचीच वरिष्ठांकडे तक्रार. ती करावीच, पण नंतर, असे आमचे मत पडले. फाइल कशावर अडली हे माहीत नसताना तक्रार केली की “कार्यवाही सुरू आहे” एवढी एक ओळ उत्तरात येते आणि तक्रार निकाली निघते.

चौथी, उशीर माफ करण्याची विनंती जोडून प्रथम अपील. कलम १९(१) मध्येच सोय आहे की, मुदतीत अपील न करण्यास पुरेसे कारण होते अशी खात्री पटली, तर अपिलीय अधिकारी ३० दिवसांनंतरही अपील दाखल करून घेऊ शकतात. कारण काय दाखवणार? तीच दोन स्मरणपत्रे. घड्याळ थांबवण्यासाठी निरुपयोगी ठरलेले कागद आता उपयोगी आले, कारण अर्जदार हातावर हात ठेवून बसला नव्हता हे त्यावरच्या शिक्क्यांवरून दिसत होते. त्याने फोनपेक्षा शिक्क्यावर भरवसा ठेवला होता, हे त्याचे नशीब म्हणा की पुणेरी स्वभाव.

आम्ही चौथी वाट धरली.

काय केले

अपील कोणाकडे करायचे इथेच बरेच जण चुकतात. ते माहिती अधिकाऱ्याकडे नव्हे, त्याच्या वरच्या, प्रथम अपिलीय अधिकारी म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचे. प्रत्येक कार्यालयात माहिती अधिकाराचा फलक असतो, त्यावर हा हुद्दा दिलेला असतो. या प्रकरणात अपिलीय अधिकारी दुसऱ्याच इमारतीत बसत होते. पत्ता लिहिताना आम्ही हुद्दा लिहिला, नाव नाही, कारण बदल्या होतात आणि फलक जुनाच राहतो.

महाराष्ट्राच्या नियमांत अपिलासाठी जोडपत्र ‘ब’ आहे आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मूळ अर्ज कागदावर दिलेला असल्यामुळे अपीलही कागदावरच केले. मजकूर मुद्दाम लहान ठेवला. मुलाला सहा महिन्यांची सगळी हकीकत लिहायची होती, आईच्या गुडघेदुखीसह. ती आम्ही काढून टाकली. अपिलीय अधिकाऱ्याला सुरुवातीला फक्त दोन गोष्टी ठरवायच्या असतात, अर्ज कधी मिळाला आणि उत्तर कधी दिले. अपिलाची कारणे अशी लिहिली:

“माझा अर्ज आपल्या कार्यालयास दि. ८ जानेवारी रोजी मिळाला (शिक्क्याची प्रत सोबत). ३० दिवसांची मुदत दि. ७ फेब्रुवारी रोजी संपली. आजपर्यंत माहिती, नकार अथवा शुल्काचे पत्र यांपैकी काहीही मला मिळालेले नाही. कलम ७(२) नुसार ही माहिती नाकारली गेली असून तिच्यावर नाराजीने हे अपील करीत आहे.”

त्याखाली उशिराचा परिच्छेद: अपिलास सात दिवसांचा विलंब झाला आहे, २० फेब्रुवारी आणि ३ मार्चला स्मरणपत्रे दिली, माहिती मिळेल असे तोंडी आश्वासन मिळाल्याने वाट पाहिली, म्हणून विलंब माफ व्हावा. आणि शेवटी मागणी: अर्जातील मुद्दा १ ते ३ ची माहिती ठरावीक दिवसांत द्यावी आणि मुदत उलटून गेल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क द्यावी. मुद्दा ४ आम्ही सोडून दिला. दंड मागितला नाही, कारण दंड लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला नाही. तो मागितला की सुनावणीचा वेळ भलतीकडे जातो.

“शुल्काचे पत्र” हे दोन शब्द काकांच्या आग्रहाने घातले. मला ते तेव्हा उगाच वाटले होते.

१६ मार्चला, सोमवारी, मुलाने अपील नेऊन दिले आणि शिक्का घेतला.

मध्येच आलेले पत्र

२० मार्चला घरी साध्या टपालाने एक पत्र आले. माहिती अधिकाऱ्याचे. “आपण मागितलेली माहिती ११ पानांची असून प्रति पान २ रुपये याप्रमाणे २२ रुपये भरून ती घेऊन जावी.” पत्रावर तारीख होती ५ फेब्रुवारी.

मुलगा खूश झाला. काका नाही.

या एका तारखेवर किती गोष्टी टांगलेल्या होत्या ते पाहण्यासारखे आहे. शुल्काचे पत्र मुदतीत पाठवले, तर ते पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांत धरले जात नाहीत, असे कलम ७(३) म्हणते. म्हणजे पत्र खरोखर ५ फेब्रुवारीला निघाले असते, तर २८ दिवस झाले असताना घड्याळ थांबले असते. मग मुदत उलटलीच नाही, माहिती नाकारली गेलीच नाही, अपील वेळेआधीचे आणि विनाशुल्क माहितीचा हक्कही गेला. उलट दोष अर्जदारावर: पैसेच भरायला आला नाही.

पण कायदा पत्र लिहिल्याचा नव्हे, पाठवल्याचा दिवस बघतो. मुलाने पाकीट फेकून द्यायच्या आत आम्ही ते मागवून घेतले. टपालाचा शिक्का १८ मार्चचा होता, अपील पोचल्यानंतर दोन दिवसांचा. पत्राच्या डोक्यावर “जा.क्र.” छापलेले होते आणि पुढची जागा कोरी होती. कार्यालयातून बाहेर जाणारे पत्र जावक नोंदवहीत चढते आणि तिथला क्रमांक त्यावर पडतो. क्रमांकच नसेल तर ते त्या तारखेला बाहेर पडले, असे दाखवायला कार्यालयाकडेही काही उरत नाही.

आता प्रश्न, २२ रुपये भरायचे का? या निर्णयावर आमच्यात एकमत झाले नाही. माझे म्हणणे होते की भरू नयेत. भरले तर पत्र वेळेवर आले हे मान्य केल्यासारखे होईल. एका बाईंचे म्हणणे होते, “बावीस रुपयांसाठी म्हातारीला अजून महिनाभर थांबवताय.” शेवटी आम्ही पैसे न भरता एक पानी निवेदन अपिलीय अधिकाऱ्यांकडे दिले. पत्र २० मार्चला मिळाले, टपालाचा शिक्का १८ मार्चचा आहे, जावक क्रमांक नाही, पाकिटाची प्रत सोबत.

सुनावणी

सुनावणीची नोटीस २ एप्रिलला मिळाली, तारीख १० एप्रिल. आईंना जिने चढवत नाहीत, म्हणून त्यांच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन मुलगा गेला. मूळ पाकीट त्याच्या खिशात होते.

सगळे मिळून पंधरा मिनिटांत आटोपले. माहिती अधिकारी नुकतेच बदलून आलेले, त्यांना यातले काही माहीत नव्हते. सोबत आलेल्या लिपिकाने सांगितले की पत्र फेब्रुवारीतच पाठवले होते. अपिलीय अधिकाऱ्यांनी जावक क्रमांक विचारला. लिपिकाने फाइल चाळली आणि म्हणाला, “पत्र तयार होतं साहेब, पाठवायचं राहिलं असेल.” मुलाने पाकीट पुढे केले. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावरच असते, त्यामुळे मुलाला युक्तिवाद असा करावाच लागला नाही.

प्रथम अपील ३० दिवसांत निकाली काढायचे असते. कारणे नोंदवून ते एकूण ४५ दिवसांपर्यंत लांबवता येते. इथे आदेश १३ एप्रिलचा निघाला, मुदतीच्या दोन दिवस आत: विलंब माफ, मुद्दा १ ते ३ ची माहिती सात दिवसांत विनाशुल्क द्यावी. आदेश घरी १७ एप्रिलला पोचला.

निष्पत्ती

२४ एप्रिलला ११ पाने मिळाली. तिसऱ्या टिप्पणीत सगळा उलगडा होता. मिळकत पत्रिकेवर वडिलांचे कागदोपत्री नाव होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर घरात हाक मारायचे नाव. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मागवावे, अशी टिप्पणी अर्ज दिल्यानंतर पाचव्या आठवड्यातच लिहिलेली होती. तसे त्रुटीचे पत्रही तयार होऊन फाइलला लागले होते. त्याच्या डोक्यावर “जा.क्र.” आणि पुढे कोरी जागा.

म्हणजे काम कोणी दाबून ठेवले नव्हते. कार्यालय अर्जदाराच्या कागदाची वाट पाहत होते, अर्जदार कार्यालयाची, आणि दोघांना जोडणारे पत्र फाइलीतच बसून राहिले होते.

प्रतिज्ञापत्र २९ एप्रिलला दिले. सोबत अर्जात टिप्पणीची तारीख आणि पान क्रमांक लिहिला, म्हणजे पुन्हा “फाइल बघून सांगतो” नको. ३० जूनला मिळकत पत्रिकेवर आईंचे नाव लागले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा पोचेच्या प्रतीवर होती. अर्ज दिला त्याच दिवशी शिक्क्याशेजारी पेन्सिलने ७ फेब्रुवारी आणि ९ मार्च लिहिले असते, तर उशीर माफ करण्याची विनंती करावीच लागली नसती. आमचे हे अपील दाखल झाले, पण विलंब माफ करणे अधिकाऱ्याच्या समाधानावर असते आणि प्रत्येकाकडे शिक्क्याची स्मरणपत्रे नसतात. ज्याला स्मरणपत्र द्यायचेच आहे त्याने जरूर द्यावे, पण पहिल्या तारखेनंतर आठवडाभरातच अपीलही करून टाकावे. उत्तर नंतर आले तर अपील निकाली निघते, बिघडत काही नाही.

अर्ज टपालाने पाठवला असता तर मोजणी कार्यालयाला तो मिळाल्याच्या दिवसापासून करावी लागली असती, पाठवल्याच्या नव्हे. तेवढ्यापुरता खिडकीवरचा शिक्का बरा.

२२ रुपयांबद्दल माझे मत आता बदलले आहे. तत्त्व बरोबर होते, पण आम्ही दुसऱ्याच्या वेळेवर ते जपले. २० मार्चलाच “मुदतीनंतर मिळालेल्या पत्रानुसार, हक्क राखून” असे पावतीच्या अर्जावर लिहून पैसे भरले असते आणि अपील चालू ठेवले असते, तर ती तिसरी टिप्पणी पाच आठवडे आधी हाती पडली असती. त्या बाई बरोबर होत्या, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

एक गोष्ट मात्र अर्धीच राहिली. मुद्दा २ मध्ये जावक नोंदीही मागितल्या होत्या. मिळालेल्या ११ पानांत जावक नोंदवहीचे पान नव्हते. दुसऱ्या अपिलासाठी आदेश मिळाल्यापासून ९० दिवस असतात, म्हणजे १६ जुलैपर्यंत मुदत होती, आणि आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे ते करता आले असते. जुलैच्या पहिल्या शनिवारी मुलगा पेढे घेऊन आला तेव्हा आम्ही त्याला तारीख सांगितली. तो म्हणाला, “नाव लागलं ना, बास.” काकांनी पेढा घेतला आणि त्याच्या पोचेच्या प्रतीवर पेन्सिलने १६ जुलै तरीही लिहून ठेवले.